स्टिअरिंग आणि हेडलाइटवरून गाडी मूळ कुठल्या देशाची हे कळतं का?

प्रश्न: दुबईत वापरलेली गाडी घेतोय. स्टिअरिंग डावीकडे आहे, पण ती मूळची जपानची असल्याचं एकजण म्हणाला. हेडलाइटवरून कळेल का?

उत्तर: बऱ्याच अंशी कळेल. जपानची उजव्या स्टिअरिंगची गाडी डावीकडे बदलून विकतात, पण हेडलाइट बरेचदा तसेच राहतात.

अंधार पडल्यावर गाडी सपाट जमिनीवर, भिंतीपासून चार-पाच मीटरवर सरळ उभी करा आणि लो बीम लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड एका बाजूला आडवी आणि दुसऱ्या बाजूला तिरकी वर चढलेली दिसेल. ती नेहमी रस्त्याच्या कडेकडे चढते, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जात नाही. दुबईत गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून कड उजवीकडे चढायला हवी. डावीकडे चढत असेल तर दिवे जपान, ब्रिटन, भारत अशा डावीकडून चालणाऱ्या देशासाठीचे आहेत.

मग काचेवरचा शिक्का पाहा. गोलातल्या E जवळ एकच बाण असेल तर दिवा डाव्या वाहतुकीचा. दोन्ही बाजूंना टोक असलेला बाण म्हणजे दोन्हीकडे चालणारा. DOT लिहिलेलं असेल तर दिवा अमेरिकन बाजारासाठीचा. जपान की ब्रिटन हे मात्र मीटरवर किलोमीटर मुख्य आहेत की मैल, यावरून ठरवा.

दिवे बदललेलेही असू शकतात, तेव्हा डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे जोड आणि चॅसिस नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. स्टिअरिंग बदललेल्या गाडीत मला सगळ्यात जास्त काळजी त्या जोडांची वाटते.