भीतीचा निर्देशांक उसळला की सोनं घ्यावं का?

प्रश्न: माझी तीन चतुर्थांश बचत अमेरिकी शेअर्सच्या इंडेक्स फंडात आहे, बाकीची ठेवींत. सोनं अजिबात नाही. मी एक नियम ठरवतोय: अमेरिकी शेअर बाजारातल्या भीतीचा निर्देशांक, म्हणजे व्हिक्स, ३० च्या वर बंद झाला की फंडाचा तिसरा हिस्सा विकून गोल्ड ईटीएफ घ्यायचा आणि व्हिक्स २० च्या खाली आला की परत फंडात यायचं. घबराट झाली की लोक सोन्याकडे धावतातच. हे जमेल ना?

उत्तर: सोनं घ्यायला माझी हरकत नाही, पण या नियमाने घेऊ नका. तुमचाच नियम २०२० सालाला लावून बघू, म्हणजे मी असं का म्हणतोय ते कळेल.

त्या वर्षी २७ फेब्रुवारीला व्हिक्स ३९ च्या वर बंद झाला, म्हणजे ३० ची रेषा त्याने एका झेपेत ओलांडली. अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० निर्देशांक तोवर शिखरावरून साधारण १२ टक्के उतरला होता. तुम्ही फंड विकायला जाणार ते या भावाला, २,९७९ च्या आसपास. सोनं होतं औंसाला सुमारे १,६४५ डॉलरवर. दुसऱ्याच दिवशी व्हिक्स आणखी चढून ४० वर गेला आणि सोनं एका दिवसात तीन टक्क्यांहून जास्त पडलं. १६ मार्चला व्हिक्स ८२.६९ वर बंद झाला. आजवरचा हा त्याचा सर्वात वरचा बंद भाव. त्याच आठवड्यात सोनं १,४७० च्या आसपास आलं होतं. म्हणजे भीती कळसाला पोचली तेव्हा तुमचं नवं सोनं दहा टक्के तोट्यात असतं.

पुढे सोनं वर गेलं, हे खरं. ऑगस्टमध्ये ते २,००० डॉलरच्या पुढे गेलं आणि तेव्हा शेअर्सच्या पुढेही होतं. पण व्हिक्स त्या वेळी २२-२३ वर रेंगाळत होता, त्यामुळे तुमच्या नियमाने विकायला सांगितलंच नसतं. व्हिक्स २० च्या खाली बंद झाला तो थेट १२ फेब्रुवारी २०२१ ला. त्या दिवशी सोनं १,८२४ च्या आसपास आणि एस अँड पी ३,९३५ वर होता. तुमची सगळी बचत १०० धरली, तर २५ चं सोनं घेऊन ते २७.७ झालं असतं. फंडातच राहिलेल्या २५ चे ३३ झाले असते. शिवाय दोन्ही विक्रींवरचा कर आणि मधला लाभांश वेगळाच.

आता सोनं पडलं का, ते. घबराटीच्या पहिल्या लाटेत लोकांना हवा असतो तो रोख डॉलर. कर्ज काढून शेअर्स घेतलेल्या फंडांना दलाल मार्जिन, म्हणजे तारणाची जादा रक्कम, भरायला सांगतात, तेही त्याच दिवशी. पडलेले शेअर्स विकले तर तोटा पक्का होतो, काही रोख्यांना तर गिऱ्हाईकच नसतं. सोनं मात्र कुठल्याही वेळी, मोठ्या प्रमाणात आणि बहुतेकदा नफ्यात विकता येतं. ते सुरक्षित आहे म्हणूनच आधी विकलं जातं. २००८ मध्येही हेच झालं: मार्चमध्ये १,००० डॉलरच्या वर गेलेलं सोनं, व्हिक्स ८० वर असताना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ७००-८०० च्या पट्ट्यात होतं. २०२० मध्ये भाव खरा फिरला तो २३ मार्चला अमेरिकी मध्यवर्ती बँकेने अमर्याद रोखेखरेदी जाहीर केल्यावर. रोख रकमेची चणचण संपली, महागाई वजा जाता मिळणारा व्याजदर शून्याच्या बराच खाली गेला आणि व्याज न देणारं सोनं बाळगणं परवडू लागलं. या सगळ्या काळात व्हिक्स उतरत होता.

व्हिक्स नेमकं काय मोजतो, हेही एकदा बघा. एस अँड पी ५०० वरच्या ऑप्शनांच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याचा हक्क देणाऱ्या करारांच्या, किमतींतून पुढच्या ३० दिवसांत निर्देशांक किती हलेल याचा बाजाराचा अंदाज काढायचा आणि तो वार्षिक टक्क्यांत मांडायचा, एवढंच. ३० ला बाराच्या वर्गमुळाने भागलं की पावणेनऊ येतात. म्हणजे महिनाभरात निर्देशांक साधारण पावणेनऊ टक्क्यांच्या आत, वर किंवा खाली राहील, याची शक्यता दोन तृतीयांश धरली आहे. त्यात सोनं कुठेच नाही आणि एका महिन्यापलीकडचंही काही नाही. कधी कधी तर ही उसळी ऑप्शन बाजाराच्या आतलीच असते. ५ फेब्रुवारी २०१८ ला व्हिक्स एका दिवसात १७ वरून ३७ वर गेला. अस्थिरता कमी राहील यावर पैसे लावणाऱ्या फंडांना एकदम उलटी खरेदी करावी लागली, हे त्यामागचं मोठं कारण. सोनं त्या दिवशी जवळपास जागेवरच होतं.

दुसरी गाठ ‘मागणी’त आहे. भीती वाटली म्हणून घेतलेलं सोनं हा मागणीचा एक भाग, आणि तो बहुतेक ईटीएफ, नाणी व बार यांत दिसतो. २०२० मध्ये गोल्ड ईटीएफमध्ये विक्रमी ८७७ टन सोनं आलं. तुम्ही म्हणता ती धाव खरी आहे, ती इथे दिसते. पण त्याच वर्षी दागिन्यांची मागणी ३४ टक्क्यांनी घसरली आणि जगाची एकूण मागणी २००९ नंतरच्या नीचांकाला गेली. ज्या संकटाने गुंतवणूकदाराला सोन्याकडे ढकललं, त्यानेच दागिना घेणाऱ्याचं उत्पन्न आणि दुकान दोन्ही बंद केलं.

उलटं उदाहरण २०२४ चं. व्हिक्स वर्षाचा बराच काळ २० च्या खाली होता आणि सोनं विक्रमामागून विक्रम करत होतं. २०२२ पासून मध्यवर्ती बँका दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेत होत्या. रशियाची परकीय गंगाजळी गोठवली गेल्यावर अनेक देशांना आपला राखीव साठा दुसऱ्याच्या हाती नको वाटू लागला. हीसुद्धा भीतीच, पण शेअर बाजाराची नाही, म्हणून व्हिक्समध्ये ती उमटत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. १०० पैकी ६५ शेअर्स, २५ ठेवी, १० सोनं ठेवा. ते १० एकदम न घेता वर्षभरात चार हप्त्यांत, ठरलेल्या तारखांना घ्या. त्या दिवशी व्हिक्स १२ असो की ४५. सोन्याचा वाटा १२ च्या वर किंवा ८ च्या खाली गेला तरच हात लावा.

हीच मांडणी १९ फेब्रुवारी ते २३ मार्च २०२० या पडझडीतून काढली, तर शेअर्सचे ६५ जवळपास ४३ होतात, सोन्याचे १० थोडे उतरून ९.६ आणि ठेवी जागेवर. एकूण ७७.५ उरतात, त्यात सोनं साडेबारा टक्क्यांच्या जवळ. म्हणजे हा नियम घबराटीच्या ऐन मध्यात सांगतो: थोडं सोनं विका, शेअर्स घ्या. तुमच्या नियमाच्या नेमकं उलट. सोन्याचं तुमच्या घडीतलं काम हेच आहे. ते चढलंच पाहिजे असं नाही, शेअर्सइतकं पडलं नाही तरी पुरतं.

एक प्रश्न मात्र मी तुम्हाला विचारीन. ३० हा आकडा पाहून विकावंसं वाटतं, ते या पैशांतून पुढच्या तीन-चार वर्षांत काही मोठा खर्च यायचा आहे म्हणून का? तसं असेल तर ती रक्कम आजच बाजूला काढा, पण ती ठेवीत टाका, सोन्यात नको. मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात कुणाला पैसे हवे असते, तर सोनंही त्याला दहा टक्के कमीच विकावं लागलं असतं.