यादीतला पत्ता आणि दारावरची पाटी

वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरलंय. विमा कंपनीच्या यादीत हॉस्पिटलचा पत्ता गंगापूर रोडचा आहे, पण डॉक्टर इंदिरानगरच्या नव्या इमारतीत यायला सांगतात. नाव तेच, डॉक्टर तेच. अडचण येईल का? – एक वाचक, नाशिक

येऊ शकते, आणि ती बहुतेक वेळा पेशंट ॲडमिट झाल्यानंतरच कळते. विमा कंपनीचा करार हॉस्पिटलच्या नावाशी असतो तसाच त्या जागेशीही असतो. किती खाटा, ऑपरेशन थिएटर कसं, खोलीचे दर काय, हे सगळं त्या इमारतीपुरतं ठरलेलं असतं. हॉस्पिटल हललं की महापालिकेची नोंदणी, विमा कंपन्यांच्या नोंदी आणि त्यांच्या वतीने क्लेमचं काम पाहणाऱ्या प्रत्येक टीपीएची यादी हे सगळं वेगवेगळं बदलून घ्यावं लागतं. काही ठिकाणी ते झटकन होतं, काही ठिकाणी कागद महिनोन्महिने फिरत राहतो. तोवर यादीत जुना पत्ता तसाच दिसतो.

तुमच्याकडे आठवडा आहे, तो पुरेसा आहे. आधी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला फोन करून ‘रोहिणी’ नंबर मागा. देशभरातल्या हॉस्पिटलांना विम्याच्या कामासाठी मिळणारा हा १३ अंकी नंबर असतो आणि तो ठिकाणानुसार असतो. rohini.iib.gov.in वर तो तपासून पाहा, म्हणजे त्या नंबरापुढे गंगापूर रोड आहे की इंदिरानगर ते दिसेल. मग तुमच्या कार्डावरच्या टीपीएच्या नंबरावर फोन लावा. ‘हे हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे का’ असं विचारू नका, कारण समोरचा माणूस स्क्रीनवर नाव शोधून ‘हो’ म्हणतो आणि तुम्ही निश्चिंत होता. त्याऐवजी असं विचारा: ‘या रोहिणी नंबरासमोर तुमच्याकडे कोणता पत्ता आहे, तो वाचून दाखवा. पेशंट इंदिरानगरच्या इमारतीत ॲडमिट होणार आहे. तिथे कॅशलेस मिळेल, असं मला ईमेलवर कळवा.’ तोंडी ‘हो’ला पुढे कुणी विचारत नाही.

समजा, उत्तर आलं की नोंद अजून जुन्याच पत्त्याची आहे. मग हॉस्पिटलकडून पत्ताबदलाचं पत्र आणि नव्या जागेचं नोंदणी प्रमाणपत्र टीपीएला पाठवायला लावा. मंगळवारपर्यंत नोंद बदलेलच असं नाही, पण विषय लेखी उघडा झाला की मंजुरी देताना त्यांना नव्या पत्त्याकडे बघावंच लागतं. नोंद बदलली नाही तर ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. न अडकलेल्या हर्नियाला सहसा तेवढा वेळ देता येतो, पण निर्णय त्यांचाच.

प्री-ऑथ म्हणजे कॅशलेसची आगाऊ मंजुरी मिळाली की पत्ताही तपासून झाला, असंच ना? – एक वाचक, ठाणे

नाही. मी टीपीएच्या ऑफिसात प्री-ऑथच्या टेबलावर बरीच वर्षं बसले आहे, म्हणून सांगते. आमच्या हाती हॉस्पिटलकडून आलेला फॉर्म असायचा. त्यात हॉस्पिटलचं नाव, ठिकाण आणि रोहिणी नंबर भरायच्या जागा असतात. डेस्कवरच्या मुलाने सवयीने जुनाच नंबर टाकला की मंजुरीही जुन्याच पत्त्यावर निघते. पेशंट दाखल असताना टीपीएचा माणूस कधी कधी वॉर्डात चक्कर टाकतो. मंजुरीपत्रातल्या पत्त्यावर तो पोचतो, तिथे फक्त जिना आणि बंद शटर! मग त्याच्या अहवालात ‘पेशंट आढळला नाही’ असं जातं आणि कॅशलेस थांबतं. एका कुटुंबाची अशी फरफट मी जवळून पाहिली. चूक त्यांची नव्हती, पण डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना पैशांसाठी दुपारभर धावपळ करावी लागली.

म्हणून मंजुरीपत्र हाती आल्यावर रकमेआधी पत्ता वाचा. तो तुम्ही जिथे जाणार त्या इमारतीचा नसेल, तर ॲडमिट होण्याआधीच डेस्कला सुधारित पत्र मागवायला सांगा.

आमच्या हॉस्पिटलच्या दोन शाखा आहेत. डेस्कवाले म्हणतात, कार्ड दोन्हीकडे चालतं. विश्वास ठेवावा का? – एक वाचक, पुणे

डेस्कवाल्यांचं ‘चालतं’ म्हणजे ‘आजवर चालून गेलं’ असं समजा. दोन शाखांचे रोहिणी नंबर वेगळे असायला हवेत. दोन्हीकडचा एकच सांगत असतील, तर एका शाखेचे क्लेम दुसरीच्या नावावर जात असण्याची शक्यता आहे. त्यात तुम्ही भागीदार होऊ नका. क्लेम फॉर्मवर तुमचीही सही असते.

एकदा शाखेत प्रत्यक्ष जाऊन या. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. त्यावरचा पत्ता आणि खाटांची संख्या पाहा, मुदतही पाहा. हे प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि ३१ मार्चला संपतं, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात गेलात तर नूतनीकरण झालंय का हे आवर्जून विचारा. खाटांचा आकडा उगाच बघायचा नाही. बहुतेक पॉलिसींमध्ये ‘हॉस्पिटल’ या शब्दाची व्याख्या असते. स्थानिक नोंदणी नसेल तर ती किमान खाटा मागते. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात दहा, इतरत्र पंधरा. आठ खाटांची नवी शाखा नोंदणीशिवाय चालत असेल, तर नेटवर्क सोडा, रिइम्बर्समेंटही अडकेल.

गुगल मॅपवरचा पत्ता आणि फोटो एवढ्यासाठी पुरेसे नाहीत. ते कुणीही टाकू शकतं.

यादीतला पत्ता चुकीचा निघाला आणि आईचा गुडघा बदलायचा दिवस पाच दिवसांवर आलाय. हॉस्पिटल बदलायचं नाही. आता काय? – एक वाचक, कोल्हापूर

दोन वाटा आहेत. जानेवारी २०२४ पासून जनरल इन्शुरन्स कौन्सिलने ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ सुरू केलंय, त्यात नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी किमान ४८ तास आधी विमा कंपनीला कळवायला हवं, म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे. मात्र हॉस्पिटलचीही तयारी लागते, आणि कित्येक छोटी हॉस्पिटलं नाही म्हणतात. आजच दोघांना विचारा.

दुसरी वाट पैसे भरून नंतर क्लेम करण्याची. नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलसाठी क्लेम फॉर्मच्या ‘ब’ भागात पत्ता, नोंदणी क्रमांक, पॅन आणि खाटांची संख्या विचारतात. डिस्चार्जच्या गडबडीत हे राहून जातं, म्हणून आधीच भरून घ्या आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडा. बिलावरचा पत्ता आणि डिस्चार्ज समरीवरचा पत्ता एकच हवा. छापील लेटरहेड जुनं असतं आणि सॉफ्टवेअरमधला पत्ता नवा, हा घोळ फार ठिकाणी आहे.

त्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर ‘एक्सक्लुडेड’ म्हणजे वगळलेल्या हॉस्पिटलांची यादी उघडून बघा. त्यात नाव असेल तर ठरवून केलेल्या ऑपरेशनचा खर्च मिळत नाही. तेव्हा हॉस्पिटल बदला, आईची हौस असो वा नसो.

ऑफिसच्या पॉलिसीचं कार्ड आहे. टीपीएच्या वेबसाइटवर हॉस्पिटल दिसतं, विमा कंपनीच्या यादीत नाही. कोणती यादी खरी? – एक वाचक, मुंबई

विमा कंपनीची. एक टीपीए अनेक कंपन्यांचं काम करतो आणि त्याच्या वेबसाइटवर सगळ्यांची हॉस्पिटलं एकत्र असू शकतात. सरकारी विमा कंपन्यांचं मुंबई-पुण्यात ठरलेल्या दरांच्या हॉस्पिटलांचं स्वतंत्र ‘पीपीएन’ नेटवर्कही आहे. ऑफिसच्या एचआरकडून पॉलिसी नंबर घ्या आणि तो सांगूनच चौकशी करा. नुसत्या कार्डावरून उत्तर मिळालं तर ते धरू नका.