उन्हाळ्यात सालीचा रंग कुठवर खरा मानायचा

«मे महिन्यात वावरातले टमाटे लाल होतच नाहीत, पिवळेच राहून नरम पडतात. केळी वरून हिरवी अन् आत गाळ. आंबा पिवळाजर्द, पण खाल्ला तर आंबट. रंगावरून पिकलं की नाही कसं ओळखायचं?»

दादा, टमाट्यापासून सुरू करतो, कारण तिथे दोष फळाचा नाही, तापमानाचा आहे. पिकताना सालीतला हिरवा रंग मोडतो, मग आधी पिवळा अन् नंतर लाल रंग तयार होतो. हा लाल रंग साधारण 18 ते 26 अंशांत चांगला भरतो. तापमान 30 च्या वर राहिलं की तो थांबतो, पिवळा मात्र होतच राहतो. आपल्याकडे पारा 44-45 ला टेकतो, म्हणून झाडावर लाल व्हायची वाट पाहिली की फळ नारिंगी राहून नरम पडतं.

मागच्या मे महिन्यात मी 20 टमाटे एकाच दिवशी तोडले. सगळ्यांच्या बुडाला, म्हणजे देठाच्या उलट बाजूला, फिकट पिवळी चांदणी नुकतीच उमटली होती. 10 टिनाच्या शेडमध्ये ठेवले, 10 कूलरच्या खोलीत पोत्यावर एका थरात. सहाव्या दिवशी खोलीतले लाल अन् टणक होते. शेडमधले नारिंगी-पिवळे, दाबले की बोट रुतायचं. तेव्हापासून मी चांदणी दिसली की तोडतो. त्याआधी तोडायचं असेल तर एक फळ कापून पाहा. बियांभोवती गर चिकासारखा झाला असेल अन् सुरीखाली बिया कापल्या न जाता बाजूला सरकत असतील, तर ते पिकेल. बिया कापल्या गेल्या तर कोवळं आहे, ते नीट पिकणार नाही. कच्चे टमाटे फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. थंडी बाधली की नंतर बाहेर काढूनही रंग नीट येत नाही.

केळ्याचंही असंच. आपण बाजारातून आणतो त्या केळ्याच्या सालीतला हिरवा रंग जास्त उष्णतेत नीट मोडत नाही, पण आतल्या पिठाची साखर होतच राहते. म्हणून उन्हाळ्यात रंग सोडा, फणी हलकेच दाबा अन् वास घ्या. पिकवायची असेल तर तीही कूलरच्याच खोलीत ठेवा.

आंब्यात रंगावर सगळ्यात कमी भरवसा. गालावरची लाली उन्हाच्या बाजूला येते, पिकण्याशी तिचा संबंध नाही. लंगडा तर पिकूनही हिरवाच असतो. तोडायच्या वेळी खांदे पाहा: ते भरून देठाच्या वर आले अन् देठाशी खळगा पडला की आंबा जून झाला. झाडाखाली पाड पडू लागला, हीही खूण. कोवळा आंबा तोडून कार्बाइडनं पिकवला की साल एकसारखी पिवळी होते, आत गर पांढुरका अन् आंबट राहतो. त्यावर बंदी आहे, तरी बाजारात सापडतो. घेताना देठाजवळ नाक लावा. वास नसेल तर कितीही पिवळा असो, परत ठेवा.