रिक्षातून उतरलेली बॅटरी दुकानाला लावावी का?

प्रश्न: तासगावजवळ माझं छोटं डेअरीचं दुकान आहे. रोज चारेक तास वीज जाते. ई-रिक्षातून काढलेली लिथियम बॅटरी ४५ हजारांना मिळतेय, गॅरंटी १ वर्ष. तशीच नवी ८० हजारांना आहे. जुनी घेऊ का?

उत्तर: या भावात नको. पण सौदा लगेच मोडूही नका.

रिक्षाची ५१ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी नवी असताना साधारण ५ युनिट वीज साठवते. ७५ टक्क्यांवर आली की रिक्षावाल्याची एक फेरी बुडते, म्हणून तो ती काढतो. तुमचा फ्रिज, पंखा आणि दिवे मिळून सरासरी ३५० वॅट धरले, तर ४ तासांना १.४ युनिट लागतात. बॅटरीत अजून पावणेचार उरलेत. शिवाय चढावर रिक्षा जशी एकदम वीज ओढते तशी दुकानात ओढली जात नाही, म्हणून थकलेली बॅटरीही इथे निभावून नेते.

आता पैसे. वर्षाला ३०० दिवसांचा वापर धरला तर नवी बॅटरी बेताने ८ वर्षं चालेल, म्हणजे वर्षाला १० हजार. जुनीकडून मी ३ वर्षांची अपेक्षा ठेवेन, म्हणजे वर्षाला १५ हजार. नवीच्या बरोबरीला यायला तिची किंमत ३० हजार हवी, आणि गॅरंटी ३ वर्षांची, तीही लेखी. शिशाच्या बॅटरीसारखी शेवटी चांगली मोड मिळेल, हे डोक्यातून काढा. रिक्षातल्या या बॅटऱ्या बहुधा लोह-फॉस्फेटच्या असतात. त्यांत कोबाल्ट-निकेल नसतं, त्यामुळे भंगाराला फारसा भाव नाही.

विक्रेता तयार झाला तरी बॅटरी तुमच्यासमोर तपासायला सांगा. नुसता व्होल्टमीटर लावून काही कळत नाही, कारण लोह-फॉस्फेटचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो. पूर्ण चार्ज करून ५०० वॅटचा भार लावा आणि बंद पडेपर्यंत घड्याळ बघा. सात तासांच्या आसपास चालली तर बोललेलं खरं. पाच तासांत बसली तर उठून या. आत १६ सेल एकामागे एक असतात आणि एक जरी कमजोर असला तरी तो संपताच संरक्षक सर्किट सगळी बॅटरी तोडतं. अखेरच्या टप्प्यात बाकीचे ३.१ व्होल्टवर असताना एखादा २.६ वर घसरलेला दिसला, तर दुखणं तिथेच आहे. फुगलेला सेल दिसला तर फुकटातही घेऊ नका.

एक खर्च तुम्ही लिहिलेला नाही. घरचा १२ व्होल्टचा इन्व्हर्टर हिला चालणार नाही, ४८ व्होल्टचा आणि लिथियम सेटिंग असलेला लागेल. नवी घेतली तरी तो लागणारच, म्हणून वरच्या तुलनेत धरला नाही, पण खिशातून जाणार आहेच.

आणि विक्रेत्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणी दाखवायला सांगा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून विकणाऱ्यांना ती लागते. संपलेली बॅटरी परत घेण्याचंही त्याच बिलावर लिहून घ्या, नाहीतर तीन वर्षांनी ते धूड दुकानाच्या मागे पडून राहील.