चार तुकड्यांतून ४० मुलं कशी वाटून घ्यायची?

प्रश्न: नाशिकच्या आमच्या शाळेच्या आठवीच्या पटाच्या तक्त्याचा फोटो जोडला आहे. तुकडीच्या पटाच्या प्रमाणात ४० विद्यार्थ्यांचा नमुना हवा. प्रत्येक तुकडीतून किती घ्यावेत? मी काढलं तर ३९च येतात.

उत्तर: अ मधून १२, ब मधून १०, क मधून १० आणि ड मधून ८ घ्या. फोटोत पट ६३, ५७, ५६ आणि ४४ दिसतो. क चा आकडा पुसट असल्याने ५९ वाटू शकतो, पण मग बेरीज २२३ होते आणि खालच्या ओळीत एकूण २२० लिहिलं आहे, म्हणून ५६च धरा. ती एकूण ओळ मात्र पाचवी तुकडी समजून हिशोबात घेऊ नका.

तुकडीचा पट × ४० ÷ २२० केलं की ११.४५, १०.३६, १०.१८ आणि ८ येतात. चारही अपूर्णांक अर्ध्याच्या आत आहेत, त्यामुळे पूर्णांकात आणताना सगळे खाली उतरतात आणि एक जागा उरते. ती सर्वांत मोठा अपूर्णांक असलेल्या तुकडीला, म्हणजे अ ला द्यायची. नंतर प्रत्येक तुकडीतले हजेरी क्रमांक चिठ्ठ्या टाकून निवडा; वर्गशिक्षकांनी सुचवलेली मुलं घेतली तर ही सगळी वाटणी वाया जाते.

ही पद्धत संपूर्ण आठवीची सरासरी काढायला योग्य आहे. तुकड्यांची आपसांत तुलना करायची असेल तर ड मधली ८ मुलं अपुरी पडतील; तेव्हा प्रत्येकीतून सारखेच, १०-१० घ्या.