घट्ट झालं नाही म्हणून अजून ठेवू नका

प्रश्न: घरी सावर क्रीमसारखं क्रीम करायचंय. किती तास आणि किती तापमानाला बाहेर ठेवायचं? घट्ट नाही झालं तर अजून एक दिवस ठेवलं तर चालेल का?

20 ते 24 अंश सेल्सियस, 12 ते 24 तास. आणि दुसऱ्या भागाचं उत्तर नाही, अजिबात चालणार नाही. याच गोष्टीवरून माझं आणि ताईचं अजून वाजतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताईकडे पाहुणे येणार होते, तिने आदल्या दिवशी सकाळी अर्धा लिटर पाश्चराइज्ड क्रीममध्ये दोन मोठे चमचे दही घालून ओट्यावर झाकून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचलो तेव्हा चोवीस तास उलटून गेले होते. मी भांडं तिरकं केलं तर क्रीम दुधासारखं सरसर वाहत कडेला आलं. लागलेलं क्रीम असं वाहत नाही, ते अख्खं एकसंध सरकतं आणि भांड्याच्या कडेपासून सुटतं. चमच्याच्या टोकावर घेऊन वास घेतला, आंबटपणाचा मागमूस नाही, नुसता गोडसर दुधाचा वास. ताई म्हणाली, वास चांगला आहे ना, मग राहू दे उद्यापर्यंत, लागेल. मी सगळं सिंकमध्ये ओतलं. ती जी चिडली ती चिडलीच.

मग दह्याचा डबा बघितला तर त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की दही लावून झाल्यावर ते गरम केलेलं आहे, म्हणजे टिकावं म्हणून त्यातले जिवाणू मारून टाकलेले. मेलेलं विरजण कितीही वेळ ठेवा, लागणार कुठून?

आता मुद्दा असा की क्रीम बाहेर ठेवूनही सुरक्षित का राहतं, तर विरजणातले जिवाणू लॅक्टिक अ‍ॅसिड तयार करतात आणि क्रीमचा पीएच 4.6 च्या आसपास किंवा खाली नेतात, तिथे बहुतेक घातक जंतूंची वाढ थांबते किंवा खूप मंदावते. विरजण लागलंच नाही तर ते अ‍ॅसिड नाही, मग ते नुसतं दिवसभर बाहेर राहिलेलं क्रीम आहे. आणि वासावर भरवसा ठेवू नका, स्टॅफिलोकोकससारखे जंतू विष सोडतात तरी वास बदलेलच असं नाही, ते विष नंतर उकळूनही जात नाही. ताईचं म्हणणं होतं की मग उकळून सॉसमध्ये वापरू, तर तेही नाही.

म्हणून विरजण जिवंतच हवं. सगळ्यात बरं म्हणजे जिवंत कल्चर असलेलं ताजं बटरमिल्क, अर्धा लिटर क्रीमला दोन मोठे चमचे, किंवा सावर क्रीमचं पावडर कल्चर. यातले जिवाणू 20-24 अंशांतच खूश असतात आणि तो लोण्यासारखा वास तेच आणतात. दह्यानेही होतं, पण बऱ्याच विकतच्या दह्यातले जिवाणू 40-45 अंशांना जोमात वाढतात, 22 ला ते रेंगाळतात, आणि रेंगाळणं म्हणजेच धोका. मला विचाराल तर दह्याच्या भानगडीत पडूच नका.

उलट घाई म्हणून गरम ओव्हनशेजारी ठेवणारेही आहेत. 28-30 च्या वर गेलं की लवकर आंबतं खरं, पण पाणी सुटतं, कणी पडते, आणि वास जातो. घर गार असेल, 18 वगैरे, तर भांडं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, पण आत थर्मामीटर ठेवा, काही ओव्हनचा दिवा 30 च्या वर नेतो.

दहा-बारा तासांनी बघा. चव आंबट आणि चमच्याच्या पाठीवर जाड थर बसला की झालं, लगेच फ्रिजमध्ये. बाहेर ते पातळ दह्याइतपतच घट्ट होतं, खरा घट्टपणा फ्रिजमध्ये रात्रभरात येतो कारण गार झालं की फॅट गोठतं. बरेच जण इथेच फसतात, आंबट झालेलं असतं पण पातळ वाटतं म्हणून बाहेरच ठेवत राहतात. अजून दाट हवं तर सुरुवातीला क्रीम 80-85 अंशांपर्यंत तापवून अर्धा तास तसंच ठेवा, मग 24 च्या खाली उतरल्यावरच विरजण घाला, गरमात घातलंत तर ते मेलं.

हो, आणि कच्चं, न तापवलेलं क्रीम घेऊ नका, लिस्टेरिया विरजणाला दाद देईलच असं नाही. भांडं, चमचा उकळत्या पाण्यातून काढा. गुलाबी-केशरी डाग, बुरशी किंवा यीस्टचा वास आणि फेस आला तर वरचं काढून खालचं खायचं नाही, सगळंच टाका. चांगलं लागलेलं फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतं. पीएचच्या पट्ट्या आणल्या तर घरात वाद कमी होतील, आमच्याकडे ताईला त्याही पटत नाहीत, पण चोवीस तासांनी पट्टी 4.6 च्या वर असेल तर माझं उत्तर तेच आहे.