−०.१२ वरून दुकानदाराला दोषी ठरवण्याआधी शून्यं मोजा

प्रश्न: टोमॅटोच्या घाऊक आणि किरकोळ साप्ताहिक भावांवर एरर करेक्शन मॉडेल चालवलं. किरकोळ समीकरणातला समायोजन सहगुणक −०.१२ आला. म्हणजे किरकोळ विक्रेते मुद्दाम भाव उतरवत नाहीत, असं लिहू शकतो का?

नाही. निदान एवढ्यावरून तरी नाही. −०.१२ चा अर्थ इतकाच की दोन भावांमधली दरी नेहमीपेक्षा वेगळी झाली, तर दर आठवड्याला तिचा साधारण बारा टक्के भाग भरून निघतो. म्हणजे दरी निम्मी व्हायला सुमारे साडेपाच आठवडे. चार दिवसांत मऊ पडणाऱ्या मालाचा भाव साडेपाच आठवडे रेंगाळतो हे तुम्हाला स्वतःला पटतं का? मला पटलं नव्हतं, आणि त्यावरूनच माझं एका माणसाशी वाजलं होतं.

तेव्हा मी एका ठिकाणी संशोधन सहायक होते. हाच विषय, हीच भाजी, १५६ आठवड्यांचा डेटा. आमच्या सरांचा निष्कर्ष आधीच ठरलेला होता: घाऊक भाव चढला की दुकानदार लगेच चढवतो, उतरला की बसून राहतो. मी दरी दोन भागांत तोडली. किरकोळ भाव घाऊकच्या मानाने चढा असलेले आठवडे एकीकडे आणि कमी असलेले दुसरीकडे. कमी असताना सहगुणक −०.३५ आला, चढा असताना −०.०८. सर खूश. "बघ, आकडेच बोलतायत." मीही दोन दिवस खूश होते, खोटं का बोलू.

तिसऱ्या दिवशी मी सहज मूळ तक्ता उघडला आणि किरकोळ भावाच्या रकान्यातून खाली सरकत गेले. एका जागी तोच आकडा चार आठवडे ओळीने, पैशापर्यंत तंतोतंत. शेजारच्या घाऊकच्या रकान्यात त्याच चार आठवड्यांत भाव जवळजवळ निम्म्यावर आलेला. टोमॅटोचा किरकोळ भाव चार आठवडे हलत नाही? चौकशी केली तेव्हा कळलं की भाव टिपणारा माणूस ज्या आठवड्यांत गेलाच नव्हता, तिथे कुणीतरी मागचा आकडा तसाच खाली ओढला होता. असे ३१ आठवडे निघाले, आणि त्यातले २२ घाऊक भाव उतरत असतानाचे, कारण त्याची सुट्टी दरवर्षी भाव कोसळण्याच्या दिवसांतच यायची.

आता हे मॉडेलमध्ये काय करतं ते बघा. समीकरणाच्या डाव्या बाजूला किरकोळ भावातला बदल असतो, उजव्या बाजूला मागच्या आठवड्याची दरी. खाली ओढलेल्या आठवड्यात डावीकडे शून्य पडतं आणि उजवीकडे दरी मात्र वाढत राहते, कारण घाऊक भाव खराच उतरतोय. मोठी दरी, शून्य प्रतिसाद, अशा बावीस नोंदी मिळाल्यावर सहगुणक शून्याकडे सरकणारच. शेवटी खरा आकडा येतो तेव्हा सगळी उतरण एका आठवड्यात दिसते, पण तो एक आठवडा आधीच्या चारांची भरपाई करू शकत नाही.

तुमच्याकडे हे आहे का, ते एका मिनिटात कळेल:

```python
same = df["retail"].diff().eq(0)
print(same.mean())
print(df["wholesale"].pct_change()[same].describe())
```

तिसरी ओळ ढोबळच आहे, पण किरकोळ भाव गोठलेला असताना घाऊक भाव किती हलत होता याचा अंदाज येतो. शून्यं सुटी, विखुरलेली असतील तर ठीक. दुकानदार भाव पूर्णांकात ठेवतात, लहान बदल गिळतात. लांब सलग पट्टे असतील तर संशय घ्या. आणि ते आठवडे काढताना मी केलेली चूक करू नका. मी आधी त्या ओळी उडवल्या आणि मग `shift(1)` केलं, त्यामुळे काही ठिकाणी "मागचा आठवडा" प्रत्यक्षात पाच आठवड्यांपूर्वीचा झाला. त्या जागा आधी `NaN` करा, मग फरक आणि लॅग काढा, आणि ओळी सगळ्यात शेवटी गाळा.

हे केल्यावर माझे सहगुणक −०.३१ आणि −०.३७ आले. दोन्ही समान आहेत ही परिकल्पना नाकारता येईना. दरी निम्मी व्हायला दोन आठवड्यांच्या आत. सर म्हणाले, "एवढा डेटा फेकून दिल्यावर काहीही येईल." डेटा नव्हताच तो सर, कॉपी-पेस्ट होतं. हे तेव्हा बोलले नाही, म्हणून इथे लिहितेय.

दुसरं भांडण दीर्घकालीन सहगुणकावरून झालं, म्हणजे घाऊक भाव एक टक्का बदलला की किरकोळ शेवटी किती टक्के बदलतो त्यावरून. लॉगमध्ये तो ०.६२ आला. सरांचं वाचन: घाऊकमधल्या बदलाचे फक्त ६२ टक्के पुढे जातात, उरलेले दुकानदाराच्या खिशात. सरळ हिशोब करा. घाऊक २५, त्यावर वाहतूक, गाळा, मजुरी मिळून १५ ठरलेले, किरकोळ ४०. घाऊक १० टक्के वाढून २७.५ झाला आणि दुकानदाराने ती अडीचची वाढ जशीच्या तशी पुढे ढकलली, तर किरकोळ ४२.५, म्हणजे वाढ ६.२५ टक्के. एक पैसा न दाबता लॉगमधला सहगुणक ०.६२ च्या आसपास येतो. उलट लॉग न घेता साध्या भावांवर चालवलंत तर तो एकाच्या वरही जाईल, कारण पाचवा हिस्सा सडत असेल तर एक किलो विकायला सव्वा किलो घ्यावा लागतो. मग १.२५ ला नफेखोरी म्हणणार का?

नाशवंत मालात तर उलटी असममितीही सापडलेली आहे. रोनाल्ड वॉर्ड यांनी १९८२ मध्ये ताज्या भाज्यांवर हेच तपासलं, तेव्हा घाऊक भावातली घट किरकोळपर्यंत वाढीपेक्षा जास्त पोचताना दिसली. भाव चढवला आणि माल पडून राहिला तर तो सडतो, ही भीती त्यामागे असू शकते. मी हे सरांना दाखवलं होतं. अहवाल −०.०८ घेऊनच छापला गेला.

तुमच्या प्रश्नाकडे परत येते. या दोन चलांत कोइंटिग्रेशन आहे का, म्हणजे दोन्ही भाव दीर्घकाळ एकमेकांना बांधलेले आहेत का, हे नीट तपासलंय ना? रेसिड्युअलवर साधी एडीएफ चाचणी लावून तिच्या नेहमीच्या −२.८६ या मर्यादेशी तुलना केली असेल तर ते चूक आहे. रेसिड्युअल अंदाजातून आलेले असतात, म्हणून पाच टक्के पातळीला दोन चलांसाठी मर्यादा −३.३४ च्या आसपास असते. `statsmodels` मधलं `coint` योग्य तक्ता वापरतं.

आणि हो, साडेपाच आठवड्यांचा वर केलेला हिशोब घाऊक भाव स्वतः दरीला प्रतिसाद देत नाही असं धरून केलाय. घाऊक समीकरणातला सहगुणकही शून्यापासून वेगळा आणि धन निघाला, तर दरी दोन्हीकडून भरतेय, आणि ती निम्मी व्हायला इतका वेळ लागत नसेल. तो आकडा तुम्ही दिलेला नाही.